मोठी अक्षरं

पारूबाईच्या मोबाइलातली अक्षरं बारीक झाली असती, तर फायदा एकट्या तिच्या नवऱ्याचा, आबांचा होता. त्यांच्या घोरण्याची बातमी दहिवडीच्या एसटीत मागच्या सीटवरून कुणाला वाचता आली नसती.

परवाच एसटीत पारूबाईला बहिणीचा मेसेज आला होता, "दाजी घोरल्यावर शेळ्या उठतात व्हय गं?" मागचा प्रवासी एवढा हसला, की कंडक्टरनं वळून बघितलं.

घरी येताच आबा लेकीला म्हणाले, "प्रियंका, हिच्या बहिणीच्या चॅटपुरती अक्षरं बारीक कर."

"तसं होत न्हाई आबा. अक्षरं बारीक केली की सगळ्याच चॅटची होतात."

"मग काळं कर."

तिनं डार्क मोड लावला. सगळं व्हॉट्सॲप काळं झालं आणि पांढरी अक्षरं आणखीच उठून दिसली. आबांनी तो स्वतःच बंद करायला लावला.

"मग सगळीच बारीक कर!"

पारूबाईनं मोबाइल ओढून घेतला. "आवं, शेळीपालन गटाची मी अध्यक्ष हाय, गटाचे मेसेज वाचावे लागतात. बारीक अक्षरं मला दिसत न्हाईत. तुमीच घोरणं बारीक करा."

मग लेकीला म्हणाली, "एका चॅटपुरतं काय बदलतं गं?"

"वॉलपेपर, चॅटच्या मागचा फोटो. तो फक्त आपल्याच मोबाइलात दिसतो."

"मावशीच्या चॅटला यांचा झोपलेला फोटो लाव. तोंड उघडं हाय तो."

अक्षरं मोठीच राहिली. पारूबाईचं काही गेलं नाही, बहिणीला तर फोटो दिसतच नाही. आबांचं घोरणं आता एसटीत सचित्र झालं.