साडेचार

काम तिला दिरानंच मिळवून दिलं होतं. रंगाच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. "आमचे स्टॉकचे कागद संगणकावर घ्यायचेत, माझ्या वहिनींचं ऑफिस हेच करतं," असं त्यानंच मॅनेजरला सांगितलं. घरी येऊन म्हणाला, "वहिनी, कमिशन म्हणून चहा तरी पाजा."

पाजला.

मग स्कॅन केलेली पानं आली. दोन प्रकारची.

पहिला प्रकार : देशातल्या डेपोची पानं. १,२५,०००. म्हणजे सव्वा लाख.

दुसरा प्रकार : परदेशी पुरवठादाराची पानं. १,२५०. म्हणजे

इथं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही.

तिनं मशीनला नियम दिला होता : स्वल्पविराम असेल तर तो नुसता हजार-लाखाचा, काढून टाक. टिंब असेल तर ते दशांशाचं, ठेव. सोबत राखणीला एक तपासणीही बसवली होती. गट तीन-तीन आकड्यांचे नसतील, किंवा संख्या शून्यानं सुरू होऊन पुढं स्वल्पविराम असेल, तर अडव आणि विचार.

तपासणी इमानी निघाली. तिनं डेपोची प्रत्येक ओळ अडवली, कारण लाखात गट तीनचा नसतो, दोनचा असतो. अडव, विचार. अडव, विचार. ऑफिसचे सर डोक्यावर उभे. "अहो बाई, हे आज जायचंय! भुंकणारं कुत्रं बांधा की जरा."

लाखाची रीत तपासणीला शिकवायला एक दुपार गेली असती. बंद करायला एक टिचकी पुरली. तिनं बंद केली. लाख बिनबोभाट उतरले, अगदी बरोबर. त्यांच्यामागून परदेशी पानंही विनातक्रार आत शिरली.

पुरवठादाराच्या देशात दशांशाला टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. महागडी निळी पूड, छोट्या डब्यांतून आलेली :

०,७५० — पाऊण किलो. मशीन म्हणालं, सातशे पन्नास.
१,२५० — सव्वा किलो. मशीन म्हणालं, बाराशे पन्नास.
२,५०० — अडीच किलो. मशीन म्हणालं, अडीच हजार.

एकूण साडेचार किलो. मशीनचे साडेचार हजार. पांढरी पूड तिथं टनानंच यायची, त्यामुळे आकडा कुणाला खुपला नाही. स्टोअरच्या फळीवर मात्र एवढी पूड कधी नव्हतीच. मग गेली कुठं?

दिराला घरी बसवलं.

ते कळलं तशी ती धावत ऑफिसात गेली आणि मूळ पान उघडून बसली. वरचीच ओळ : ०,७५०. शून्य हजार सातशे पन्नास असं जगात कुणी लिहीत नाही. ती एक ओळ अख्ख्या पानाची रीत सांगत होती. पण तिचा नियम पान बघतच नव्हता, एकेक आकडा सुटा धरून वाचत होता.

सरांना तिनं सगळं सांगितलं. "तुमच्या सहीनं लिहून द्या, सर. चूक आपली आहे."

"आपली? तपासणी कुणी बंद केली?"

"तुम्हीच म्हणालात."

"मी कुत्रं बांधा म्हणालो. मारून टाका म्हणालो का?"

सही मिळाली नाही. तशीच कारखान्यात गेली, पान घेऊन. मॅनेजरनं चष्मा कपाळावर चढवला.

"कागदावर काय लिहिलंय? बाराशे पन्नास. मला वाचता येतं."

"नाही हो साहेब, ही वरची ओळ बघा ना. शून्य, मग स्वल्पविराम. हा दशांश आहे. सव्वा किलो."

"छपाईची चूक असेल."

"मग पुरवठादाराला विचारा."

"विचारू ना. उत्तर येईल तेव्हा येईल." मग पानावरची नजर त्यानं तिच्यावर आणली. "तुम्ही त्याच्या कोण?"

"वहिनी."

"आकडे भरले कुणी?"

"मी."

"आणि आता बदलायचेतही तुम्हालाच." तो हसला. "झकास. घरचं दुकान आहे."

तिनं पान उचललं. खोटं बोलली असती तर कदाचित पटलं असतं. खऱ्याला तिचं नातं नडलं.

संध्याकाळी ती दिराच्या घरी गेली. जाऊबाईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या नाहीत.

"गेला होतात म्हणे तिथं," दीर म्हणाला.

"भाऊजी, चूक माझी आहे. मी ती सांगायला—"

"काल नुसती तूट होती, वहिनी. आज दोघांनी मिळून केलेली चोरी झाली. फोन आला होता. आता चौकशी दोघांची."

"पण साडेचार किलोच होती ती!"

"मला माहीत आहे. डबे मीच उचललेत, एका हातानं." त्यानं तो हात मांडीवर पालथा ठेवला. "तुम्ही सांगू नका आता कुणाला काही. तुम्ही सांगितलं की ते खोटं होतं."

जाऊबाई तिचा पेला उचलून आत गेल्या. त्यात पाणी अजून होतं.