तेलाखालची तहान

केशरबाईच्या धाकट्या पोरीचं, भागिरथाचं, तोंड अंगच्या तेलानं चकाकायचं, तरी ताणायचं. थंडी पडली तशी गालांवर बारीक सालपटंही दिसू लागली. केशरबाईला त्याचं नवल नव्हतं. थोरल्या चंपाची कातडी अशीच ताणायची आणि करडीच्या तेलानं मऊ व्हायची. एकीला मानवलं ते दुसरीला का नाही मानवणार? तिनं रोज सकाळी धाकटीच्या तोंडाला तेल चोळायला घेतलं.

"माय, पुटकुळ्या येऊन राह्यल्या. आन् ताण तसाच हाय."

"मले शिकवू नोको."

मायची पाठ वळली की पोरगी धुण्याच्या सोड्यानं तेल खरवडून काढी. ताण आणखी वाढे, माय आणखी चोळी. दोघींच्या हट्टात पोरीचं तोंड लाल, जाड आणि तुकतुकीत झालं.

एक दिवस शेजारच्या रंगूबाईनं बोलून टाकलं, "केशर, महारोगाचं तोंड असंच चमकते."

 संध्याकाळी केशरबाईनं भागिरथाचं ताट आणि गिलास गोठ्याजवळच्या कोनाड्यात ठेवला. लहानपणी विटाळ नको म्हणून विहिरीवर लोक केशरबाईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिला वाटलं होतं, आता हे संपलं. आता तीच पोरीला वरून पाणी ओतू लागली.

शेवटी पुंजाजी बायको आणि पोरीला घेऊन मालेगावच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी पोरीला डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, टाचणी टोचली. प्रत्येक वेळी तिनं बरोबर जागा सांगितली. त्यांनी हाताच्या शिरा चाचपल्या, कानाच्या पाळीचा नमुना काचेवर घेऊन तपासायला दिला. निकाल आला तेव्हा म्हणाले, "महारोग नाही."

"मंग ताणते काहून?" केशरबाईनं विचारलं.

"थोरलीच्या कातडीत तेल कमी, म्हणून तेल मानवलं. हिच्यात तेल भरपूर, पाणी कमी. सोड्यानं वरचा थर सोलवटला, त्यातून आतलं पाणी उडून जातं. ते तेलानं भरून येत नाही, पुटकुळ्या मात्र वाढतात." त्यांनी पाण्यात घोटलेलं ग्लिसरीनचं हलकं मलम दिलं. "सोडा बंद, तेल बंद. साध्या पाण्यानं तोंड धुवा आणि ओलं असतानाच पातळ लावा."

उन्हाळ्याआधी ताण गेला, लाली गेली. तेलकटपणा राहिला, पण तो तिचा जन्माचाच होता. रंगूबाईसुद्धा म्हणाली, पोरीचं तोंड उजळलं.

त्या दिवशी केशरबाईनं कोनाड्यातलं ताट राखेनं घासलं आणि चुलीपाशी सगळ्यांच्या ताटांत मांडलं. भाकर वाढली.

भागिरथा आली. तिनं ते ताट भाकरीसकट उचललं आणि गोठ्याकडे चालू लागली.

"बाई, इथं बस," केशरबाई म्हणाली. "आता काही नाही तुले."

"तवाही नव्हतं, माय."

कोनाड्याजवळ बसून तिनं भाकर मोडली. तिच्या पाण्याचा गिलास तिनं स्वतःच भरून नेला होता.