पेवातला खिळा

शिरूरच्या उत्खननात गौतमीने लिहिलेली वही सरोदे सरांनी नेली आणि अहवालातून तिचंच नाव गाळलं. वर्षभर ती डूख धरून होती. आज दौंडच्या कॉलेजात सरांनी सादरीकरणात ठासून सांगितलं की त्या वस्तीत साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोखंड होतं; पुरावा म्हणून तिथल्या एका घरात कोळशाशेजारी सापडलेला लोखंडी खिळा दाखवला. प्रश्नांच्या वेळी ती उठली.

"सर, वय खिळ्याचं काढलं की कोळशाचं?"

"कोळशाचं. खिळा शेजारीच, तेवढ्याच खोलीवर होता."

"म्हणजे त्याच थरात?"

"अर्थात."

तिने पडद्यावर उत्खननात स्वतः काढलेला फोटो लावला. घराची जुनी जमीन फोडून नंतर कुणी धान्याचं पेव खणलं होतं. कोळसा जमिनीवर होता, खिळा पेवातल्या, नंतरच्या मातीत.

"हे वहीत का नाही?" सरांचा आवाज चिरकला.

"तुम्ही वही नेलीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी पेवाची कड दिसली. आन् मला तुम्ही कवा विचारलंच न्हाई."