सात-पाच: कुनाफा यशस्वी

हनादीची चाचणी योजना अठ्ठेचाळीस पानांची होती. ती लिहून झाल्यावर तिने स्वतःसाठी वेलची घातलेली कॉफी करून घेतली होती, इतकी ती स्वतःवर खूश होती. आता ती कॉफी आठवली तरी तिला टेबलाखाली शिरावंसं वाटतं.

ऑफिस होतं अम्मानमध्ये, जबल वेब्दे टेकडीच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर. माणसं पाच. फोनवरून दुकानदाराला पैसे द्यायचं ॲप ही माणसं बनवत होती. फिरास मालक, वय एकतीस, झोप चार तास. यनाल ॲप लिहिणारा, आणखी दोघं त्याच्या हाताखाली. आणि ते सगळं तपासणारी एकटी हनादी. तिने बारा वर्षं एका मोठ्या बँकेत हेच काम केलं होतं आणि ते ती कुणाला विसरू देत नसे.

"योजना म्हणजे काय, चार ओळी लिही ना," फिरास म्हणाला होता. "काय तपासणार, कोण तपासणार, कधी संपणार."

"अरे बाबा, हे काय लग्नाचं सामान आहे?" हनादी भडकली होती. "काय तपासणार, काय तपासणार नाही, कुठल्या फोनांवर, खोटी खाती कुठली, कुठल्या अटीवर सुरू करायचं, कुठल्या अटीवर थांबायचं, काय सापडलं तर बाजारात आणायचंच नाही, धोके कुठले, सही कोणाची. हे लिहिलं नाही तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला वाटलं तो बघतोय."

बोलणं बरोबरच होतं. पण बाईंनी केलं काय, तर बँकेतला जुना साचा उघडला आणि त्यात नावं बदलली. पाच माणसांच्या ऑफिसात 'चाचणी समितीची रचना' असं दीड पान आलं. समितीत हनादी, आणि तिच्या गैरहजेरीत हनादी.

योजना सगळ्यांना पाठवली. दहा मिनिटांत चौघांच्या सह्या आल्या. अठ्ठेचाळीस पानं, दहा मिनिटं! हनादीच्या अंगाचा तिळपापड झाला. कोणी वाचत नाही ना? थांबा. तिने सातव्या प्रकरणात, जिथे पैसे देण्याचे सगळे प्रसंग एकाखाली एक मांडले होते, तिथे सात-पाच या, म्हणजे पाचव्या, ओळीवरचा मजकूर काढला आणि लिहिलं: "जो कोणी ही ओळ वाचेल, त्याला माझ्याकडून किलोभर कुनाफा." कुनाफा म्हणजे चीजची पाकातली मिठाई, ऑफिसात सगळ्यांची लाडकी. आणि 'थोडी दुरुस्ती' म्हणून पुन्हा सगळ्यांना सहीला पाठवलं.

या वेळी सह्या आठ मिनिटांत आल्या.

महिनाभर ती मनातल्या मनात हसत राहिली. हे सगळे आंधळे, आणि डोळस काय ती मी एकटी, असं तिचं चाललं होतं. योजना ॲपच्या भागीदार बँकेकडे गेली, चाचण्या झाल्या, निकालाचा अहवालही गेला. बँकेची मान्यता आली की ॲप बाजारात. फिरासने येता गुरुवार गृहीत धरला होता. तो चुकला तर बँक दुसऱ्या कंपनीचा हात धरेल आणि आपल्याला ऑफिसला कुलूप लावावं लागेल, असं तो रोज सकाळी एकदा आणि जेवताना एकदा सांगत असे. त्या कुलपाची धास्ती हनादीलाही होती. झैद, तिचा मुलगा, यंदा विद्यापीठात गेला होता आणि घरात पगार एकच होता.

बुधवारी सकाळी बँकेच्या, मान्यतेची सही करणाऱ्या सित्त इन्तिसार, म्हणजे इन्तिसारबाई, स्वतःच आल्या. साठीच्या, बारीक, गळ्यात चष्मा. सगळे उभे राहिले. त्यांनी पिशवीतून छापलेली योजना काढली. पानांना पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"कुनाफा कुठाय?"

फिरासने यनालकडे पाहिलं, यनालने फिरासकडे.

"कसला कुनाफा, सित्त?"

"पान एकतीस. सात-पाच. किलोभर म्हटलंय."

हनादी टाळी वाजवून हसली. "बघा! बघा मेल्यांनो! अठ्ठेचाळीस पानं वाचणारं एक माणूस निघालं, आणि तेही बाहेरचं! तुम्ही दोन-दोनदा सह्या केल्यात!"

"उम्म झैद, तू आम्हाला परीक्षेला बसवलंस?" यनाल म्हणाला. तो तिला मुद्दाम झैदची आई म्हणून हाक मारायचा, तिला म्हातारी वाटावं म्हणून.

"बसवलं आणि नापास केलं."

सित्त इन्तिसारही हसत होत्या. त्यांनी दुसरा कागद काढला, निकालाचा. "पण मला एक कळेना," त्या म्हणाल्या, "इथे सात-पाचपुढे 'यशस्वी' लिहिलंय. म्हणजे कुनाफा तुम्ही आधीच खाल्लात की काय?"

पुन्हा सगळे हसले. हनादीही हसली, अर्धंच.

सात-पाच. यशस्वी.

सातवं प्रकरण संपलं त्या दिवशी तिने पहिल्या ओळीपुढे 'यशस्वी' लिहिलं आणि बोटाने खालपर्यंत ओढत नेलं होतं. एका झटक्यात सगळ्या ओळी हिरव्या. कुनाफ्यासकट. आणि त्या ओळीवर आधी काय होतं? तिला आठवलं. 'पैसे द्या' दाबल्यावर, उत्तर यायच्या आत फोनची रेंज गेली, आणि माणसाने पुन्हा दाबलं, तर पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत. हे होतं. पैशाच्या ॲपमध्ये याच्याहून महत्त्वाची ओळ नव्हती, आणि चाचण्या तिने योजनेतल्या ओळी पाहून लिहिल्या होत्या. ओळच नाही तर चाचणी कुठली!

सित्त इन्तिसारांनी चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. त्यांना काही कळलेलं नव्हतं. फिरास श्वास रोखून पेनाकडे बघत होता. गप्प बसायचं आणि दुपारी हळूच तपासून घ्यायचं, एवढंच करायचं होतं. चांगलं निघालं तर कोणाला कळणारही नाही. आणि वाईट निघालं तर? उद्या बाजारात, कुठल्या तरी तळघरातल्या दुकानात एखादी बाई रेंज नसताना पुन्हा पुन्हा बटण दाबत बसेल.

"सही करू नका," हनादी म्हणाली.

"काय?" फिरास ओरडलाच.

"ती ओळ मी काढली. तुम्हाला पकडायला. मग परत घातलीच नाही, तपासलीही नाही, आणि वर यशस्वी म्हणून मोकळी झाले. तुम्ही न वाचता सह्या केल्यात. मी न वाचता निकाल लावला. गाढव मी मोठी."

यनाल उठला. "लिफ्टमध्ये जाऊ," तो म्हणाला. "आपल्या लिफ्टमध्ये रेंज मरते." फोनवरचं विमानाचं चिन्ह दाबूनही जमलं असतं, पण ते त्या क्षणी कोणालाच सुचलं नाही.

सित्त इन्तिसारांसकट चौघं लिफ्टमध्ये शिरली. फोनवर चाचणीचं खातं होतं, खोट्या दिनारांचं. दार बंद होताना यनालने 'पैसे द्या' दाबलं. पहिल्यांदा विनंती बाहेर पडलीच नाही. दुसऱ्यांदा उत्तर दार मिटायच्या आत आलं. तिसऱ्यांदा जमलं: विनंती गेली, उत्तर अडकलं, ॲप म्हणालं 'पुन्हा प्रयत्न करा'. तळमजल्यावर दार उघडल्यावर त्याने पुन्हा दाबलं.

पाच दिनार कापले गेले होते. दोनदा.

"अरे देवा," फिरास म्हणाला आणि तळमजल्याच्या पायरीवर बसला. "पण हे लिफ्टमध्येच होतंय ना? लिफ्टमध्ये कोण पैसे देतं? हनादी, उद्या बाजारात आणू, आठवड्यात दुरुस्त करू. तू हो म्हण, सही झाली की झालं. पाच जणांच्या पोटाचा प्रश्न आहे गं."

"पान चाळीस," हनादी म्हणाली. तिला रडू येत होतं. "पैसे चुकीचे कापले जाणारा एकही दोष बाकी असेल तर ॲप बाहेर पडणार नाही. मालकाने सांगितलं तरी नाही. तूच सही केलीयेस, फिरास."

"मी वाचलं कुठे होतं!"

"मी वाचलंय," सित्त इन्तिसार म्हणाल्या. त्या लिफ्टच्या दाराला टेकून उभ्या होत्या. "आणि गुरुवार गुरुवार काय लावलंय? पान चव्वेचाळीस. वेळापत्रकात दुरुस्तीसाठी पाच दिवस राखीव आहेत. बँकेने तीच तारीख धरलीये, पुढचा बुधवार. तुम्हाला गुरुवार कोणी सांगितला?"

गुरुवार फिरासला कोणीच सांगितला नव्हता. राखीव दिवस हनादीनेही मुद्दाम टाकले नव्हते. ते तिच्या आधीच्या बँकेच्या जुन्या साच्यातून आपोआप आले होते. हे तिने मात्र त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. एका दिवसात कबुलीला काही मर्यादा असते.

यनालने दोष दुरुस्त केला. माणूस पहिल्यांदा बटण दाबतो तेव्हाच फोन त्या व्यवहाराला एक क्रमांक देतो. पुन्हा दाबलं तरी तोच क्रमांक जातो, आणि सर्व्हर म्हणतो, हे झालंय बाबा, हे घे आधीचंच उत्तर. चाचणीच्या सर्व्हरला त्याने मुद्दाम उत्तर गिळायला लावलं, म्हणजे लिफ्टवर भरवसा नको. हनादीने सात-पाच ओळ परत लिहिली, तपासली, पैसे द्यायच्या बाकीच्या सगळ्या चाचण्याही नव्याने केल्या. पाच दिनार, एकदाच. 'यशस्वी' लिहिताना तिचं बोट थबकलं. ती पुन्हा लिफ्टमध्ये गेली. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याने विचारलं, "कुठे जायचंय?" ती म्हणाली, "कुठेच नाही." तेव्हा कुठे तिने लिहिलं.

मग तिने योजना कापायला घेतली. समिती गेली. सोमवारी सगळे बसले, मध्ये किलोभर कुनाफा, आणि हनादीने पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायचं ठरवलं. सगळ्यांनी ऐकायचं. सुटका नाही.

पान एकोणीस. कुठल्या फोनांवर तपासायचं त्याची यादी. ही यादी यनालने दिली होती, तिने जशीच्या तशी चिकटवली होती. ती वाचत गेली, आणि नवव्या फोनाशी तिचा आवाज बंद पडला.

"वाच ना, उम्म झैद," यनाल म्हणाला. त्याने कुनाफ्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला होता.

तिने वाचलं. "माझ्या आजीचा बटणांचा फोन. हनादी, ही ओळ वाचलीस तर फलाफलचे वडे माझ्याकडून."

तिने निकालाचा कागद ओढला. आजीच्या फोनापुढे हिरव्या अक्षरात 'यशस्वी' होतं.

तिने सित्त इन्तिसारांना फोन लावला. "तुम्ही ते पण वाचलं होतंत?"

"वाचलं होतं ना," पलीकडून आवाज आला. "पण मला फलाफल सोसत नाही."