एफची दुसरी तार

महाडात पिठाच्या गिरणीवर एक खोली होती. तिथे अरविंद दर रविवारी सकाळी गिटार शिकवायचा. हाताखालून बरेच जण गेले, पण एक गोष्ट त्याने कुणाला नीट शिकवली नव्हती. गाण्यात एफ ही कॉर्ड आली की तो गिटारच्या नेकवर, म्हणजे दांडीवर, कॅपोचा चिमटा लावून द्यायचा आणि म्हणायचा, "असं वाजवा, सोपं जातं."

कारण त्याच्या डाव्या हातात होतं. नऊ वर्षांपूर्वी कारखान्यात पाइप जोडताना तर्जनी फटीत सापडली. हाड जुळलं, पण मधला सांधा वाकलेला राहिला तो राहिलाच. बाकीच्या कॉर्ड तो निभावून नेई. बारे कॉर्डला मात्र तर्जनी सगळ्या तारांवर सरळ आडवी पडायला हवी, ती कुठून पडणार? सगळ्यांत जास्त आठवायची ती एफ. अपघाताआधी दासगावच्या घरी ओटीवर बसून तो ती वाजवायचा तेव्हा लाकडातून येणारी थरथर छातीला लागायची. ती थरथर पुन्हा कुठे सापडली नव्हती.

आम्रपाली पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतल्या शाळेत शिक्षिका होती. एसटीने शिकायला यायची. मुलांच्या एका गाण्याला तिने स्वतः चाल लावली होती, आणि त्या चालीत एफ होती.

"मॅडम, कॅपो पाचव्या फ्रेटला लावा नि सीसारखं वाजवा. सूर तोच हाय."

"सूर तोच आहे सर, पण पातळ वाटतो. खालचा भरणा येत नाही." तिने गिटार मांडीवर घेतली. "महिनाभर घरी करून बघतेय. ठक-ठक वाजतं नुसतं. जमणार नसेल तर सांगा, मी सोडून देते."

पातळ वाटतो, हे तर अरविंदलाही ठाऊक होतं. "सोडून द्या" म्हणणं त्याला जमलं नाही.

"धरा बघू."

तिने धरली. एकेक तार छेडायला लावल्यावर पहिली मुकी निघाली, दुसरी मुकी, सहावी कशीबशी कुरकुरली. तिची नखं पांढरी पडली होती. अरविंद उठून तिच्या मागे गेला, आणि त्याला दिसलं. अंगठा नेकच्या वरून बाहेर आला होता, लोटा धरावा तसा. त्यामुळे तिचं मनगट आत दुमडलं होतं आणि तर्जनी वाकली होती.

"जोर कमी नाय तुमचा, अंगठा चुकलाय. खाली घ्या. नेकच्या पाठीवर, मधोमध. तर्जनी नि मधल्या बोटाच्या समोर."

मग त्याने तिला पाचव्या फ्रेटवर, दांडीवरच्या पाचव्या घरात नेलं. पहिल्या फ्रेटला तारा नटजवळ, म्हणजे दांडीच्या टोकाच्या पट्टीजवळ, असल्याने ताठ लागतात, वर त्या मऊ पडतात. बोट फ्रेटच्या पट्टीला चिकटून ठेवायचं आणि जरा बाहेरच्या हाडाळ कडेवर कलवायचं. आतल्या मांसाच्या बाजूला सांध्यांच्या घड्या असतात, तार त्यांत बुडते.

"आणि ऐका, सहाही तारा तर्जनीने दाबायच्या नायत. पाचवी, चौथी, तिसरी बाकीची बोटं दाबतात. तर्जनीला फक्त सहावी, दुसरी, पहिली."

"म्हणजे मधे सोडलं तरी चालेल?"

"मधे उगाच ताकद घालवू नका. अंगठ्याने चिमटू पण नका. कोपर सैल सोडा, हाताचं वजन मागे ओढू द्या."

पाचव्या फ्रेटला तारा वाजल्या. मग चौथा, तिसरा, एकेक फ्रेट खाली. पहिल्यावर आल्यावर दुसरी तार पुन्हा मुकी झाली.

अरविंदने स्वतःची तर्जनी नकळत पुढे केली, दाखवायला. ती हवेत वाकडी उभी राहिली. तिने पाहिलं. त्याने हात मागे घेतला नाही.

"मला दाखवता येत नाय," तो म्हणाला. "घडी दुसऱ्या तारेवर आलीय तुमची. बोट तांदळाच्या दाण्याएवढं वर सरकवा."

तिने सरकवलं. एकेक तार छेडली. सहाही बोलल्या. मग तिने सगळ्यांवरून उजवा अंगठा फिरवला.

खोली भरली. अरविंद खिडकीकडे वळला. खाली गिरणी चालू होती, तरी त्याला फक्त तेवढंच ऐकू आलं.

"पुन्हा वाजवा," तो म्हणाला. जरा वेळाने परत म्हणाला, "अजून एकदा."

तिची बारा वाजताची एसटी गेली. ती हात दुखेपर्यंत वाजवत राहिली.

दुपारी घरी जेवताना बायको नीलाने विचारलं, "आज उशीर?"

"एफ वाजली आज."

नीलाचा भात वाढणारा हात थांबला. "तुमची?"

"नाय. पोलादपूरच्या मॅडमची."

तिने भात वाढला. अरविंद डाव्या हाताची मूठ मिटत, उघडत बसला होता.

"कशी वाजली?" तिने विचारलं.

त्याने तळहात छातीवर ठेवला.

"दासगावला वाजायची, अगदी तशीच," तो म्हणाला.