पेपराआधीचं बों कुराज

नत्थुजींना अमरावतीच्या दवाखान्यात भरती करून नऊ दिवस झाले होते, आणि फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मुलापुरते, अमोलपुरते, ते नऊ दिवसांपासून मोर्शीला संत्र्याची बाग पाहायला गेलेले होते. ही थाप त्यांच्या धाकट्या भावाची, चंद्रभानकाकांची. काका अकोल्याच्या बाजारात कापसाचे दलाल. एकदा बोललेला भाव फिरवायचा नाही, ही त्यांची ख्याती. त्यामुळे अमोलनं फोनवर "बाबा कुठी हायेत?" विचारलं की अख्खं घर एका सुरात "मोर्शी" म्हणायचं. नऊ दिवसांत माणूस बागेतली झाडं मोजून, पानं मोजायला लागला असता. पण अमोलला संशय आला नाही. त्याची काळजी वेगळी होती.

"ताई, मी नापास होणार असं लिवलं हाये काय व माह्या थोबाडावर?" पहिल्या पेपरच्या दिवशी त्यानं थोरल्या बहिणीला, दामिनीला, फोनवर विचारलं होतं.

अमोल अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून एका सत्रासाठी दक्षिण फ्रान्समध्ये माती शिकायला गेला होता. नांदगाव खंडेश्वरच्या काळ्या मातीत जन्मलेल्या पोरानं माती शिकायला विमानात बसावं, याचं नत्थुजींना हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा.

"काहून? काय झालं?"

"जो भेटते तो 'बों कुराज' म्हणते. मास्तर, वॉचमन, कँटीनवाली. त्याचा अर्थ चांगली हिंमत. आता पेपरले कोणी हिंमत देते काय? आपल्याकडं दही-साखर देतात, ऑल द बेस्ट म्हणतात. हे लोक असं पाहून राहिले जसं मले फाशी हाये."

दामिनी आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून हसली. समोरच्या बाईनं तिच्याकडे रागानं पाहिलं.

दुसऱ्या पेपरला बसच्या ड्रायव्हरनं बों कुराज म्हटलं. अमोलनं त्याला आपला पेपर आहे हे कसं कळलं असेल यावर वीस मिनिटं डोकं खपवलं आणि हातातल्या नोट्सकडे त्याचं लक्षच गेलं नाही. तिसऱ्या पेपरला मात्र त्यानं पाहिलं, की जिना पुसणाऱ्या बाईलाही मास्तर तेच म्हणाले. बाई "मेर्सी", म्हणजे धन्यवाद, म्हणाली आणि पुसत राहिली.

"तिचा कोणता पेपर व?" त्यानं विचारलं. मग त्यानंच जाऊन होस्टेलच्या मादाम रिव्हिएरना गाठलं. मादाम सत्तरीच्या, त्यांना उत्तर द्यायला वेळ होता. त्यांनी सांगितलं, की नशिबाच्या गोष्टीला 'बॉन शाँस' म्हणतात, लॉटरीला वगैरे. पेपरलाही काही जण म्हणतात, पण त्यात पोरगं अभ्यास न करता देवावर सोडून चाललंय असा वास येतो, असं मादामचं मत. जे काम जड आहे आणि ज्याचं त्यालाच ओढायचं आहे, त्याला बों कुराज. सोमवारी कामावर जाणाऱ्याला, सामान हलवणाऱ्याला, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला. मी तुझं ओझं उचलू शकत नाही, पण ते जड आहे हे मला दिसलं, एवढंच त्यात असतं. आपण 'मेर्सी' म्हणायचं आणि ओझं उचलायचं.

"म्हणजे नापासाचं नाही ना?" दामिनीनं विचारलं.

"नाही व. जिना पुसणारी कायले नापास होईल?"

चौथ्या पेपरला तो हसत नव्हता. वर्गातल्या क्लेमाँचा बाप त्या आठवड्यात गेला होता आणि तो थेट पेपरला आला होता. "सगळे एकामागं एक त्याच्यापाशी गेले, ताई. खांद्यावर हात ठेवला, बों कुराज म्हणाले, बाजूले झाले. पेपरचं म्हणताना हसतात. तवा कोणीच हसलं नाही. मी पण ओळीत लागलो. दुसरं काही म्हणताच आलं नाही मले."

दामिनी फोन ठेवून काकांकडे गेली. त्याच सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.

"काका, आता सांगू त्याले. एकदा तरी बोलू द्या."

"उद्या शेवटला पेपर हाये. तो झाला का सांगू. भरती होताना भाऊच बोलला ना, पोराले सांगू नका म्हणून?"

"तवा बोलले. काल मास्क काढून विचारलं त्यायनं, पोरगं कुठी हाये. तुमी काय सांगितलं? मोर्शीले!"

 खरोखर घाईत काकांच्या तोंडून तेच निघालं होतं. आई, जमुनाबाई, पदर तोंडात धरून भिंतीकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला अमोलचा फोन आला. तिकडे सव्वाआठ. पेपर नऊला, म्हणजे इकडचे साडेबारा. काकांनी फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि दामिनीच्या शेजारी उभे राहिले. व्हरांड्यात मामा, मामी, चंदाआत्या, अकोल्याहून आलेले दोन शेजारी. सगळ्यांना ताकीद होती: ऑल द बेस्ट, दुसरा शब्द नाही.

"बाबा आले काय व?"

दामिनीनं काकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अमोल, बों कुराज."

ती हसली नव्हती. 

"काय म्हणाली हे?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तिकडं पेपरले म्हणतात, काका."

काकांना ते फार आवडलं. त्यांनी फोन ओढून घेतला. "बोन कुराज, बावा!" आणि मग, दलालाचा उत्साह, त्यांनी फोन पुढे सरकवला. मामा म्हणाले. मामी म्हणाल्या. चंदाआत्या रडक्या आवाजात "बोंब कुराज" म्हणाली. अकोल्याचे शेजारी एकामागं एक म्हणाले. कोणाच्याच आवाजात हसू नव्हतं. शेवटी फोन आईसमोर आला. तिला ते दोन शब्द म्हणता आले नाहीत. तिचा नुसता श्वास ऐकू आला.

"ताई," अमोल म्हणाला, "ओळ लावली तुमी. कोण?"

काकांनी फोनवर हात ठेवला. दामिनीनं तो हात बाजूला केला. "बाबा. हायेत अजून. आत हायेत."

"कानाले लाव."

काकांनी अडवलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढून ते त्याची घडी घालायला लागले आणि घालतच राहिले. नर्सनं दोन मिनिटं दिली. दामिनीनं फोन बाबांच्या कानाला लावला. अमोल काय बोलला ते तिला नीट कळलं नाही, तिकडचा नांगर कसा असतो असलं काहीतरी तो सांगत होता, मधेच अडखळत होता. नत्थुजींनी डोळे उघडले. उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्याला लावून त्यांनी चादरीवर रेघा ओढल्या.

"ताई, काय करून राहिले?"

"लिही म्हणतात. पेपर लिही."

मग पलीकडून "मेर्सी" आलं, कोणाला ते कळलं नाही, आणि फोन बंद झाला.

नत्थुजी एक वाजून वीस मिनिटांनी गेले. काका म्हणाले, "आता सांग त्याले." पण आता सांगायला अमोलचा फोन बंद होता. परीक्षेच्या हॉलबाहेर पिशवीत.

साडेतीनला अमोलनं फोन केला. दामिनीनं सांगितलं. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "किती वाजता?"

"एक वीस."

तो साडेतीन तास वजा करत असावा. "नऊ पन्नास," तो म्हणाला. "तवा मी दुसरा प्रश्न लिहून राहिलो होतो."

"कोणता?"

"पाणी नाही पडलं तर काळ्या मातीत ओल किती दिवस राहते."

"किती राहते?"

"बरोबर लिवलं मी, ताई," अमोल म्हणाला. "बाबा सांगत तेच."