दहा फुटांचं अंतर

विंचूरच्या बाहेर, येवल्याच्या रस्त्यावर सकाळी साडेसातला सुटायची गोरक्षच्या संघाची सायकल शर्यत नऊ वाजले तरी सुटली नव्हती. मालेगावचा संघ सहालाच सुटून परत आला होता, पण त्यानंतर वळणावर उभा राहायचा दुसरा पंच आलाच नव्हता. चारही पोरी हेल्मेट हातात धरून रंगनाथच्या पिकअपच्या सावलीला बसल्या होत्या आणि गोरक्ष पुन्हा पुन्हा रस्त्याच्या कडेच्या मक्याकडे बघत होता. साडेसातला मका निवांत उभा होता. आता त्याची पानं पूर्वेकडे झुकायला लागली होती.

गोरक्ष नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात लेथवर कामाला होता. तरुणपणी तो स्वतः सायकलच्या शर्यती खेळला होता. गेली सहा वर्षं दुसऱ्या पाळीला जायच्या आधी पहाटे तो पोरींना शिकवायचा. पोरी त्याला सर म्हणायच्या. आज विभागातून एकच संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. निफाडजवळच्या गावातल्या निकिताचं हे सतरा वर्षांखालचं शेवटचं वर्ष होतं. पिकअप तिच्या वडिलांचीच होती. रंगनाथ एरवी तिच्यातून टोमॅटो बाजार समितीत न्यायचा. आज पोरींच्या मागची गाडी म्हणून तो ती घेऊन आला होता.

शर्यत सांघिक होती. चौघींनी एकदम सुटायचं, पंचवीस किलोमीटर येवल्याच्या दिशेनं जायचं आणि तिथून वळून परत यायचं. घड्याळ थांबायचं ते तिसरी मुलगी रेषा ओलांडेल तेव्हा. पहिली कितीही आधी आली तरी उपयोग शून्य.

रंगनाथला हे पटायला वेळ लागला होता. "म्हंजे चौथी नाय आली तरी चालतंय?"

"चालतं. म्हणून तर चौथीचा वापर करून घ्यायचा," गोरक्षनं त्याला आठवड्यापूर्वी समजावलं होतं. "सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची ताकद खाते ती हवा. पुढची हवा कापते, मागची तिच्या चाकाला चिकटून राहिली तर तिला तोच वेग जवळजवळ दोन तृतीयांश ताकदीत मिळतो. पुढची दमली की बाजूला होऊन शेवटी जाते, मग दुसरी पुढे. अशी पाळी फिरत राहते. एकटीला जो वेग तासभर झेपणार नाही, तो चौघींना मिळून झेपतो."

मोहिनी चौघींत अंगानं मोठी होती, दमदारही होती. तिच्या मागे आडोसा सगळ्यात चांगला मिळायचा. गोरक्षनं ठरवलं होतं की जाताना मोहिनीनं लांब लांब पाळ्या घ्यायच्या, स्वतःला पार रिकामं करायचं आणि वळण झाल्यावर मागे सुटून जायचं. उरलेल्या तिघींनी ताज्या पायांनी घरी यायचं. वारा नसलेल्या सकाळसाठी हा बेत ठीक होता.

पण आता वारा पश्चिमेकडून होता. जाताना तो पाठीशी असणार होता, येताना तोंडावर. पाठीशी वारा असला की हवेचा मार कमी, म्हणजे आडोशाचा फायदाही कमी. तोंडावर वारा असला की एकेक चाक सोन्याचं. मोहिनी येताना हवी होती, जाताना नव्हे. गोरक्षला हे कळत होतं. तो पोरींकडे दोन पावलं गेलाही. आरोही, चौघींत सगळ्यात वेगवान, बाकीच्यांना पाळ्यांचा क्रम पुन्हा पाठ करून दाखवत होती. सायली डोळे मिटून मान हलवत होती. आता काही बदललं तर गोंधळ होईल, त्याला वाटलं. वारा इतकाच राहिला तर निभेल. तो परत फिरला.

सव्वानऊला त्या सुटल्या. जाताना सेहेचाळीसचा वेग सहज लागला. मोहिनी ठरल्याप्रमाणे पुढे राहिली, वाकून, लाल होऊन. रंगनाथ गाडी मागे ठेवून हसत होता. "उडत्यात पोरी."

गोरक्ष हसला नाही. वळणावर त्यानं घड्याळ पाहिलं. मालेगावच्या संघानं आधीच एक तास सतरा मिनिटं अडतीस सेकंद लावले होते. येताना चौतीसचा वेग टिकला तर आपण पंचावन्न सेकंदांनी पुढे. वळून गाडी पश्चिमेला तोंड करताच खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं त्याच्या हातातला कागद उडवला.

त्यानं खिडकीबाहेर डोकं काढलं. "मोहिनी, सुटू नकोस. नुसती मागे बस. पाळी घेऊ नकोस."

मोहिनीनं मान हलवली, पण तिचे पाय आधीच गेले होते. चार किलोमीटर ती तिघींच्या मागे लोंबकळत राहिली आणि मग हळूहळू मागे पडली. गाडी तिच्या बाजूनं पुढे गेली तेव्हा ती म्हणाली, "सॉरी, सर." तिला सांगितलं होतं तेच तिनं केलं होतं.

तिघी राहिल्या. चौघी असताना एक पुढे आणि तिघी विसाव्याला. आता एक पुढे आणि दोघीच विसाव्याला. प्रत्येकीची पाळी लवकर येत होती, आणि पुढे असताना तो वारा एकटीनं खायचा. आरोहीला चाललं. सायलीनं दात आवळले. निकिताचे खांदे हलायला लागले होते, म्हणजे आता पायांचं काम ती अंगानं करत होती. गोरक्षला ते गाडीतून स्पष्ट दिसत होतं. पंधरा वेळा पाळी फिरली, अठरा वेळा फिरली.

शेवटचे आठ किलोमीटर राहिले असताना निकितानं आपली पाळी संपवली आणि बाजूला झाली. आरोही पुढे आली, सायली तिच्या चाकाला. निकितानं मागे सरकत जाऊन सायलीचं मागचं चाक पकडायचं होतं. हीच घडी सगळ्यात अवघड असते. पाळीनं दमलेल्या पायांनी नेमकं तेव्हाच पुन्हा जोर लावायचा असतो. तिनं तो एका क्षणानं उशिरा लावला. पुढे आलेल्या आरोहीनं वेग किंचित वाढवला. सायलीचं चाक आणि निकिताचं चाक यांच्यात एक हात अंतर पडलं. मग सायकलभर. मग दहा फूट.

"लाव, निकिता, लाव," गोरक्ष ओरडला.

तिनं लावलं. दहा फूट तसेच राहिले, मग पंधरा झाले. आता सायलीच्या पाठीमागची शांत हवा तिच्यापर्यंत पोचत नव्हती. चाक सुटलं म्हणून वारा लागत होता आणि वारा लागत होता म्हणून चाक आणखी सुटत होतं.

"त्यांना सांगा ना थांबायला," रंगनाथ म्हणाला.

गोरक्षनं शेजारून हात लांबवून हॉर्न दाबून धरला. मग दोन्ही हात तोंडाशी धरून आरोहीच्या नावानं हाका मारल्या. वारा समोरून होता. हाक निघत होती आणि मागे जात होती. शेजारून ट्रकही हॉर्न वाजवत चालले होते. आरोहीची मान खाली, सायलीची नजर आरोहीच्या चाकावर. दर अर्ध्या मिनिटाला पाळी बदलायची, म्हणजे आरोही आता बाजूला झाली की तिला कळेल. गोरक्षनं सेकंद मोजले. तीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. आरोही बाजूला झालीच नाही.

"पुढं घेतो गाडी," रंगनाथ म्हणाला. "त्यांना गाठून सांगू."

"नाही. गाडी तिसरीच्या मागेच राहिली पाहिजे. पुढे गेलो की बाद."

"मग हिच्या पुढं घेतो. एवढा मोठा हौदा हाय मागं. पोरीचा वारा अडंल."

"भाऊ, नाही. तो बघा पंच." मोटरसायकलवरचा पंच मागे वळून त्यांच्याकडेच बघत होता.

रंगनाथनं स्टेअरिंग असं धरलं की हाताच्या शिरा वर आल्या. समोर दहा पावलांवर त्याची मुलगी एकटी वारा कापत होती आणि तो तिच्या मागे मागे, अठ्ठावीसच्या वेगानं, दुसऱ्या गिअरमध्ये चालला होता. "दहा फूट तर अंतर होतं सर. दहा फुटात एवढं?"

"दहा फुटातच असतं सगळं," गोरक्ष म्हणाला. त्याच्या डोक्यात आकडे आपोआप चालले होते. चौतीसऐवजी अठ्ठावीस म्हणजे किलोमीटरला तेवीस सेकंद. पंचावन्नातले तेवीस गेले. सेहेचाळीस गेले.

चार मिनिटांनी आरोही बाजूला झाली. सायली पुढे निघाली, आरोहीनं मागे बघितलं आणि पेडल थांबवलं. ती निकिताच्या चारशे मीटर पुढे होती, ठिपक्याएवढी. दोघी जवळजवळ उभ्याच राहिल्या. निकिता त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा तिला मधे घेतलं, पुन्हा पाळी दिली नाही. आरोही आणि सायली आलटून पालटून पुढे राहिल्या. निकिताला आडोसा मिळाला, पण आता तिला आडोशातही बत्तीसच्या वर झेपत नव्हतं. आरोहीच्या पायात ताकद शिल्लक होती. ती तिला वापरता येत नव्हती. तीन-तीनदा मागे बघून ती वेग कमी करत होती.

रेषा ओलांडली तेव्हा घड्याळावर एक तास अठरा मिनिटं नऊ सेकंद होते. एकतीस सेकंदांनी गेलं.

निकिता रस्त्याकडेच्या गवतात आडवी झाली. आरोही तिच्याशेजारी बसली आणि कोणी विचारलं नसताना बोलायला लागली. "मला वाटलं ही दमलीय. म्हणून मी लांब पाळी घेतली, सर. दोन किलोमीटर मीच ओढते, तोवर ही मागे बसून सावरेल. मी हिच्यासाठीच ओढत होते." तिनं गवतातल्या निकिताकडे बघितलं. "ही मागे नव्हतीच."

"मला श्वासाचा आवाज येत होता," सायली हळू म्हणाली. "माझाच असणार तो."

मोहिनी सात-आठ मिनिटांनी आली. कोणी काही सांगायच्या आधी तिनं चेहरे बघितले आणि सायकल कुंपणाला लावली.

गोरक्ष त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "बेत माझा चुकला. वारा सुटलेला मी बघितला होता. मोहिनीला येतानासाठी राखायला हवं होतं. सुटायच्या आधी सांगायला हवं होतं. तुमच्यापैकी कोणाचं चुकलेलं नाही."

मोहिनी म्हणाली, "माझ्या पण मनात आलं होतं, सर. मका हलत होता. पण तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं तुम्ही विचार केलाच असेल."

गोरक्षनं पुन्हा मक्याकडे बघितलं.

निकिता उठून बसली. "सर, ते चाक मला मिळालं असतं तर?"

तो खोटं बोलू शकला असता. वाऱ्यात तसंही झेपलं नसतं, असं म्हणता आलं असतं. पण सहा वर्षं त्यानं तिला आकडेच शिकवले होते आणि ती स्वतः ते करू शकत होती.

"मिळालं असतं तर जिंकलो असतो," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. ती रडली नाही. रंगनाथ तिच्याजवळ येऊन उभा राहिला, हात तिच्या डोक्यावर ठेवावा की नाही हे न कळून, आणि मग सायकली हौद्यात चढवायला गेला. मालेगावच्या पोरी पलीकडे फोटो काढत होत्या. वारा आणखी वाढला होता. गोरक्षची कारखान्यातली पाळी चारला सुरू होणार होती, आणि नाशिकपर्यंतचा सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावरचाच होता.